पोच उशिरा आली तरी शिल्लक चुकू नये
प्रलंबित, पूर्ण आणि परतलेल्या रकमांच्या खातेवहीची रचना

(अर्थशास्त्र व वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वरकरणी हिशेबनिसाचा वाटेल. पण तो देयक व्यवस्थेच्या अभ्यासाचाही विषय आहे. रोखीच्या व्यवहारात पैसे देणे आणि ते मिळणे या दोन क्रिया एकाच क्षणी घडतात. नोट एका हातातून दुसऱ्या हातात गेली की व्यवहार संपला. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात मात्र या दोन क्रियांमध्ये अंतर असते. बहुतेक वेळा ते काही सेकंदांचे असते, कधी एका दिवसाचे, तर कधी त्याहूनही अधिक. या मधल्या काळात पैसे देणाऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात. पण घेणाऱ्याला मिळाले की नाही, हे ठाऊक नसते. हा मधला काळ वहीत कसा दाखवायचा, एवढाच आपला आजचा प्रश्न आहे.

मधल्या अवस्थेला स्वतंत्र खाते हवे

हा प्रश्न नवा नाही. धनादेशाच्या काळातही तो होताच. धनादेश लिहून दिला म्हणजे बँकेतील रक्कम त्याच क्षणी कमी होत नाही; तो वटेपर्यंत काही दिवस जातात. केंद्र शासनाच्या लेख्यांमध्ये यासाठी एक व्यवस्था आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६(२) मध्ये उल्लेखिलेल्या लोकलेख्यात ‘धनादेश व देयके’ नावाचे मुख्य शीर्ष आहे. त्याचा क्रमांक ८६७०. धनादेश काढताच खर्चाच्या शीर्षाला रक्कम नावे पडते आणि तेवढीच रक्कम ८६७० या शीर्षाला जमा होते. बँकेकडून अदायगीची यादी आली की ती रक्कम या शीर्षातून काढली जाते. म्हणजे खर्च झाला आहे, पण पैसे अजून बँकेतून गेल्याचे कळलेले नाही, अशा रकमांना तेथे हक्काची जागा मिळते.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारात क्रम उलट होतो. पैसे आधी आपल्या बँकेतून जातात आणि ते पोहोचल्याची पोच नंतर येते. क्रम बदलला तरी तत्त्व तेच राहते : मधल्या अवस्थेतील रकमेला स्वतःचे खाते हवे. आपण त्याला ‘मार्गस्थ रक्कम’ म्हणू. हे खाते नसेल, तर लेखनिकाला दोनच पर्याय उरतात : पैसे दिले असे लिहायचे किंवा दिले नाहीत असे लिहायचे. पोच येईपर्यंत यांपैकी एकही विधान त्याच्या माहितीवर आधारलेले नसते.

एक उदाहरण : तीन शेतकरी, तीन निकाल

एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, असे समजू. तिने सभासदांकडून तूर घेतली आहे. ३१ मार्चच्या सकाळी तिच्या बँक खात्यात १,००,००० रुपये आहेत. तिला ‘अ’ या शेतकऱ्याचे ४०,०००, ‘ब’चे २५,००० आणि ‘क’चे १५,००० असे एकूण ८०,००० रुपये देणे आहे. देणी वजा करता कंपनीचे स्वतःचे २०,००० रुपये उरतात. हा २०,००० चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो आपला पहारेकरी होणार आहे.

दुपारी तिन्ही रकमा तत्काळ भरणा सेवेतून, म्हणजे आयएमपीएसने, पाठवल्या जातात. कंपनीच्या बँकेने रक्कम लगेच वजा केली. वहीत ८०,००० रुपये ‘बँक’ खात्यातून ‘मार्गस्थ’ खात्यात जातात. शेतकऱ्यांचे देणे अजून ८०,०००च आहे, कारण पैसे पाठवल्याने देणे फिटत नाही. ते पोहोचल्याने फिटते.

थोड्याच वेळात ‘अ’ची आणि ‘क’ची रक्कम जमा झाल्याची पोच येते. प्रत्येक पोचेबरोबर तेवढी रक्कम ‘मार्गस्थ’मधून आणि ‘देणे’मधून कमी होते. ‘ब’च्या बाबतीत मात्र पडद्यावर ‘व्यवहार प्रलंबित’ एवढेच दिसते. दिवस संपतो.

१ एप्रिलला ‘क’चे १५,००० रुपये परत येतात. पोच आली होती हे खरे. पण समोरच्या बँकेला प्रत्यक्षात ती रक्कम खात्यात जमा करता आली नाही आणि तिने ती परत फिरवली. २ एप्रिलला ‘ब’ची पोच येते : रक्कम ३१ मार्चलाच जमा झाली होती, फक्त निरोप उशिरा आला. हा सारा प्रवास पुढील तक्त्यात पाहता येईल.

| घटना | बँक | मार्गस्थ | देणे | बँक + मार्गस्थ − देणे |
|---|---|---|---|---|
| ३१ मार्च, सकाळ | १,००,००० | ० | ८०,००० | २०,००० |
| तिन्ही रकमा पाठवल्या | २०,००० | ८०,००० | ८०,००० | २०,००० |
| ‘अ’ पूर्ण | २०,००० | ४०,००० | ४०,००० | २०,००० |
| ‘क’ पूर्ण | २०,००० | २५,००० | २५,००० | २०,००० |
| १ एप्रिल, ‘क’ परत | ३५,००० | २५,००० | ४०,००० | २०,००० |
| २ एप्रिल, ‘ब’ पूर्ण | ३५,००० | ० | १५,००० | २०,००० |

शेवटचा स्तंभ पाहा. पैसे पाठवले, पोहोचले, परत आले. पण कंपनीचे स्वतःचे २०,००० कोठेही हललेले नाहीत. ते हलण्याचे कारणही नाही, कारण देणे फेडल्याने कोणी श्रीमंत किंवा गरीब होत नाही. कोणत्याही ओळीनंतर हा आकडा बदलला, तर नोंदीत चूक झाली आहे असे खुशाल समजावे. बँकेचे शुल्क लागले तर तो मात्र खरा खर्च असतो. त्याची वेगळी ओळ लिहावी, म्हणजे आकडा का बदलला ते कळेल.

मौन म्हणजे नकार नव्हे

आता १ एप्रिलच्या सकाळी लेखनिकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ‘ब’ दारात उभा आहे आणि पैसे आले नाहीत म्हणतो आहे. पडद्यावर काही कळत नाही. व्यवहार अयशस्वी झाला असे धरून रक्कम पुन्हा पाठवण्याचा मोह होतो. अशा वहीतील सर्वांत महागडी चूक येथे घडते.

समजा, त्याने तसे केले. त्याने २५,००० रुपये वहीत ‘मार्गस्थ’मधून ‘बँक’ खात्यात परत आणले. ‘क’चे १५,००० परत आलेलेच आहेत, त्यामुळे वहीप्रमाणे बँकेत ६०,००० झाले. मग त्याने ‘ब’ला पुन्हा २५,००० पाठवले आणि त्याची पोच लगेच आली. वहीत बँकेची शिल्लक ३५,००० दिसते आणि ‘ब’चे देणे शून्य. २०,०००चा आपला पहारेकरीही तक्रार करत नाही, कारण ३५,०००मधून ‘क’चे १५,००० वजा करता २०,०००च उरतात. प्रत्यक्ष बँकेत मात्र केवळ १०,००० आहेत, कारण पहिले २५,००० कधी परत आलेच नव्हते. २ एप्रिलला जुनी पोच येते, तेव्हा कळते की ‘ब’च्या खात्यात ५०,००० गेले आहेत. त्याने ते बियाण्यासाठी वा कर्जफेडीसाठी वापरले असतील, तर वसुलीसाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागेल. ‘क’ला त्याचे १५,००० द्यायला गेल्यावर बँकेत तेवढे पैसेही नसतील.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी, की वहीतील अंतर्गत मेळ खोटी नोंद पकडू शकत नाही. ‘मार्गस्थ’मधून ‘बँके’त नेलेली रक्कम वहीच्या दृष्टीने सुसंगतच असते. ती चूक पकडायला बाहेरचा साक्षीदार, म्हणजे बँकेचे विवरणपत्र, लागते. म्हणून वहीतील ‘बँक’ खात्याची शिल्लक आणि विवरणपत्रातील शिल्लक रोज ताडून पाहावी. १ एप्रिलच्या संध्याकाळी ती पाहिली असती, तर २५,०००ची तफावत त्याच दिवशी दिसली असती.

दुसरी गोष्ट अशी, की ‘मार्गस्थ’मधून रक्कम बाहेर काढण्याची परवानगी दोनच निरोपांना असावी : पोहोचल्याची पोच किंवा न पोहोचल्याची पोच. ‘काहीच निरोप नाही’ हा तिसरा निरोप नव्हे. धनादेशाच्या बाबतीत काळच शेवटी उत्तर देतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिने आहे. ती उलटली की तो वटणार नाही हे निश्चित होते आणि मौनाचे रूपांतर नकारात होते. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात असे आपोआप होत नाही.

येथे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाची आठवण कोणी करून देईल. अयशस्वी व्यवहार किती काळात निकाली काढावेत आणि उशीर झाल्यास ग्राहकाला किती भरपाई द्यावी, हे त्यात ठरवून दिले. आयएमपीएसमध्ये रक्कम वजा झाली पण समोरच्या खात्यात जमा करता आली नाही, तर समोरच्या बँकेने ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत फिरवावी. त्यापुढील विलंबाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा तो नियम होता. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घ्या. ही मुदत बँकेने काय करावे ते सांगते. काय घडले ते सांगत नाही. दुसरा दिवस उलटला म्हणून व्यवहार अयशस्वी ठरत नाही. मुदत उलटली की लेखनिकाने बँकेला स्थिती विचारावी, आवश्यक तर तक्रार नोंदवावी. वहीतील रक्कम मात्र जागची हलवू नये.

मग दारातील ‘ब’ला काय सांगायचे? त्याचे उत्तर वहीतच आहे. त्याचे देणे २५,००० आणि त्याच्याच नावावर मार्गस्थ २५,०००. पुन्हा पाठवण्याजोगी रक्कम म्हणजे देणे वजा मार्गस्थ, अर्थात शून्य. नुसते ‘देणे’ पाहून पैसे पाठवणे हीच दुहेरी अदायगीची वाट असते.

नोंद पुसू नये, उलट नोंद लिहावी

‘क’च्या प्रकरणाकडे वळू. ३१ मार्चला त्याची रक्कम ‘पूर्ण’ झाली होती. १ एप्रिलला ती परत आली. काही ठिकाणी अशा वेळी जुनी ओळ खोडून ‘अयशस्वी’ असे लिहिले जाते. संगणकावर तर हे आणखी सोपे, कारण खाडाखोड दिसतही नाही. पण ३१ मार्चला छापलेला अहवाल आणि २ एप्रिलला काढलेला ३१ मार्चचाच अहवाल यांत मग फरक पडतो आणि तो का पडला, हे सांगणारी खूण उरत नाही.

योग्य रीत अशी : जुनी ओळ तशीच राहते. तिच्याखाली नवी ओळ येते, ‘क’चा व्यवहार परत, १५,०००, ‘बँक’ वाढली, ‘देणे’ वाढले. शिल्लक कोठेही हाताने लिहून ठेवायची नाही. सर्व ओळींची बेरीज म्हणजेच शिल्लक.

काही वह्यांमध्ये ‘पूर्ण’ ही अंतिम अवस्था मानलेली असते आणि त्यानंतर परतीची नोंद लिहिण्याची सोयच नसते. त्याचा परिणाम शांतपणे होतो. ‘क’च्या नावापुढे ‘दिले’ असे कायम राहते, त्याचे १५,००० बँकेत पडून असतात आणि कोणालाच ते कोणाचे आहेत हे सांगता येत नाही. ‘ब’च्या चुकीत बँकेत पैसे कमी पडतात, म्हणून ती लवकर उघडकीस येते. ‘क’च्या चुकीत पैसे जास्त दिसतात, आणि जास्तीच्या पैशांची चौकशी सहसा कोणी करत नाही. ‘क’ मात्र तुमच्या वहीकडे बोट दाखवणाऱ्या लेखनिकासमोर आपले पैसे आले नाहीत हे सिद्ध करत बसतो. म्हणून विवरणपत्रातील शिल्लक वहीपेक्षा जास्त असेल, तर तेही तेवढेच गंभीर लक्षण समजावे.

बेरजेच्या या रीतीचा आणखी एक लाभ आहे. बेरजेत पदांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. समजा, ‘क’ची परतीची नोंद आधी आली आणि पूर्ण झाल्याची पोच नंतर. परतीच्या ओळीने बँक १५,०००ने वाढेल आणि ‘क’चे देणे ३०,००० दिसेल, पण त्याच्या नावावर १५,००० अजून मार्गस्थ आहेत, म्हणून पुन्हा पाठवण्याजोगी रक्कम १५,०००च निघते, आणि ती बरोबर आहे. मागाहून पोच आली की मार्गस्थ शून्य होईल आणि देणे १५,०००वर येईल. जेथे शिल्लक दर वेळी खोडून नव्याने लिहिली जाते, तेथे मात्र निरोप कोणत्या क्रमाने आले यावर उत्तर अवलंबून राहते.

स्वतःचा क्रमांक आणि दोन तारखा

एकच निरोप दोनदा येणे ही नित्याची गोष्ट आहे. बँकेची संगणक प्रणाली उत्तर पोहोचले की नाही याची खात्री नसल्याने तेच पुन्हा पाठवते. बेरजेची वही असेल तर दुसऱ्या निरोपाने रक्कम दोनदा मोजली जाईल. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक अदायगीला एक क्रमांक द्यायचा आणि एका क्रमांकाखाली ‘पाठवले’, ‘पूर्ण’, ‘अयशस्वी’ आणि ‘परत’ यांपैकी प्रत्येक घटना एकदाच स्वीकारायची. दुसऱ्यांदा आलेला निरोप वाचावा आणि सोडून द्यावा.

हा क्रमांक आपला स्वतःचा असावा आणि पैसे पाठवण्यापूर्वी वहीत लिहिलेला असावा. बँकेचा संदर्भ क्रमांक उत्तरासोबत येतो. उत्तरच आले नाही, तर चौकशी कोणत्या क्रमांकाने करणार? ‘क’ला पुन्हा पैसे पाठवताना मात्र नवा क्रमांक घ्यावा, कारण ती नवी अदायगी आहे. जुना क्रमांक वापरला, तर तिची पोच ‘आधीच आलेली’ समजून वही नाकारील.

शेवटचा मुद्दा तारखांचा. ‘ब’ची रक्कम ३१ मार्चला जमा झाली, कंपनीला ते २ एप्रिलला कळले. या दोन तारखांपैकी वहीत कोणती लिहावी? दोन्ही. घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख असे दोन वेगळे रकाने असावेत. कारण ‘३१ मार्चची शिल्लक किती’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. ३१ मार्चला आपल्याला काय ठाऊक होते, असे विचारले तर उत्तर : बँक २०,०००, मार्गस्थ २५,०००, देणे २५,०००. ३१ मार्चला प्रत्यक्षात काय घडलेले होते, असे २ एप्रिलनंतर विचारले तर उत्तर : बँक २०,०००, मार्गस्थ शून्य, देणे शून्य, कारण ‘क’ची परत १ एप्रिलची घटना आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, दोन्हींत कंपनीचे स्वतःचे २०,०००च आहेत. पण अहवालावर कोणते उत्तर आहे, ते लिहिलेले हवे. लेखापरीक्षकाला पहिले उत्तर लेखनिकाने योग्य निर्णय घेतले का हे तपासण्यासाठी लागते, आणि दुसरे वर्षाअखेरची खरी स्थिती जाणण्यासाठी.

या वहीची मर्यादा

ही वही पैसे कोठे आहेत हे शोधून देत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, एवढेच ती प्रामाणिकपणे वेगळे ठेवते. म्हणून ‘मार्गस्थ’ खात्याची एकूण रक्कम पाहून समाधान मानू नये. त्यातील प्रत्येक रक्कम किती दिवसांची आहे, याची यादी रोज काढावी. एक दिवसाची रक्कम स्वाभाविक असते. दोन दिवस उलटलेली प्रत्येक रक्कम ही बँकेला विचारायचा एक प्रश्न असतो. महिनाभर जुन्या रकमा साचू लागल्या, तर पोच येत नाही किंवा आलेली पोच कोणी नोंदवत नाही, यांपैकी एक गोष्ट घडते आहे. आधी सांगितलेल्या उलट क्रमाच्या प्रकरणात ‘क’ची पोच कायमची हरवली, तर तीही याच यादीत अडकलेली सापडेल.

शासनाच्या किंवा संस्थेच्या लेख्यांत तात्पुरत्या शीर्षाखाली मोठ्या रकमा दीर्घकाळ पडून असल्याचे लेखापरीक्षण अहवालात वाचाल, तेव्हा हे आठवावे. असे शीर्ष असणे हा दोष नव्हे. ते नसते तर त्या रकमा कोठेतरी चुकीच्या जागी लिहिल्या गेल्या असत्या. त्यातील रक्कम जुनी होत जाणे हा दोष आहे, आणि त्या प्रत्येक जुन्या रकमेमागे पैशांची वाट पाहणारा एखादा ‘ब’ किंवा ‘क’ असू शकतो.